ओलीची फाईल

टाकानिनीतल्या त्या नव्या वसाहतीत बेचाळीस घरं आहेत आणि बेचाळीसही सारखी. राखाडी भिंती, काळी दारं, दारापाशी रुमालाएवढी हिरवळ. आशालताबाई दिघ्यांनी पहिल्या महिन्यात दोनदा शेजारच्या कुलपाला किल्ली लावून पाहिली. दोन्ही वेळा आतल्या सामोअन बाईंनी हसत दार उघडलं आणि दुसऱ्या वेळी तर चहाच पाजला.

एक्काहत्तर वर्षांच्या आशालताबाई पुण्याहून लेकीकडे, किवींच्या देशात आल्या त्याला दोन वर्षं झाली. लेक स्नेहल आयटीत, जावई मकरंद इंजिनियर, नात इरा नऊ वर्षांची. इराला आजीचं मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र इंग्रजीत येतं. आजीनेही त्याचा कधी इश्यू केला नाही. जन्मभर त्यांनी पत्र मराठीत आलं तर मराठीत, इंग्रजीत आलं तर इंग्रजीत उत्तर दिलं होतं. इथे फक्त रीत उलटी झाली होती.

जन्मभर म्हणजे एकोणतीस वर्षं. टिळक रोडवर एका सायकलच्या दुकानाच्या डोक्यावर रमणशेठ नावाच्या बिल्डरचं ऑफिस होतं, तिथे त्या टायपिस्ट होत्या. नावाला टायपिस्ट. रमणशेठला विटा कळत, माणसं कळत, पण कागदाची त्यांना धास्ती होती. पत्र आलं की ते न वाचताच म्हणायचे, "आशाताई, याला काहीतरी छान उत्तर द्या." आणि आशाताई छान उत्तर द्यायच्या. खिडकीतून खालच्या अमृततुल्यचा वेलदोड्याचा वास यायचा, दोन प्रतींच्या मधे कार्बन सरकवताना बोटं निळी व्हायची, दुपारच्या डब्याला बोटांचा तो निळा रंग पोळीलाही लागायचा. टाकानिनीच्या शांत, स्वच्छ स्वयंपाकघरात एकट्या बसल्या की बाईंना त्या पोळीचीच आठवण यायची. कुणाला विचित्र वाटेल, पण ज्याला आयुष्यभर काम होतं आणि आता नाही, त्याला नाही वाटणार.

ऑफिसातली सगळ्यात जाड फाईल होती ओलीची. तांबड्या कापडी पाठीची, नाडीने बांधलेली. फ्लॅटचा ताबा घेतला की पहिल्या पावसाळ्यात लोकांच्या भिंती पाझरायच्या आणि जुलैपासून पत्रांचा हंगाम सुरू व्हायचा. त्याची उत्तरं आशाताईंना झोपेतही पाठ होती. जुलैत आलेल्या पत्राला, पावसाळा संपल्याखेरीज काम हाती घेता येत नाही. ऑक्टोबरात, भिंत पूर्ण वाळल्यावर पाहणी करण्यात येईल. मार्चमध्ये, सध्या भिंत कोरडी असल्याने तक्रारीत तथ्य आढळत नाही. आणि पुन्हा जुलै आला की, आपण सदनिकेचा ताबा घेऊन एक वर्षाहून अधिक काळ लोटला असल्याने आम्ही दिलगीर आहोत. चार पत्रांत माणसाचं वर्ष संपायचं. शेवटच्या पत्रातलं "दिलगीर" बाई फार मन लावून टाइप करायच्या.

अशा या बाई नातीच्या खोलीत, भिंतीपासून हातभर अंतरावर झोपत होत्या, आणि भिंतीला ओल आलीय हे कळलं कुणाला, तर इराला.

"आजी, द वॉल इज स्वेटिंग."

घराची किल्ली मिळून महिना झाला होता. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, आणि त्या आठवड्यात जोराचा पाऊस होऊन गेला होता. वरच्या मजल्यावरची पूर्वेकडची खोली, तिच्या खिडकीखाली डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग दिसत होता. रंगाला बारीक फोड आले होते, कार्पेटची कडा दमट लागत होती. आशालताबाईंना ओल कागदावर लांबून ओळखता यायची. भिंतीवरची ओळखायला नातीचे डोळे लागले, हे त्यांना मनातून जरा लागलंच.

त्याच शनिवारी वास्तुशांत होती. पाहुण्यांत वरुण होता. मूळचा सांगलीचा, शिकायला म्हणून आला आणि राहिला, आणि योग असा की आता याच घराच्या बिल्डरकडे कामाला. किल्ली दिल्यानंतर लोकांच्या ज्या तक्रारी येतात त्या बघायचं त्याचं काम. गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या ढोलपथकात सगळ्यात पुढे, आणि पंगतीत वाढायलाही सगळ्यात पुढे. स्नेहलने त्याला वर नेऊन डाग दाखवला. त्याने फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, डोन्ट वरी. मी आहे ना." मग खाली येऊन त्याने चार पुऱ्या आणि तीन वाट्या श्रीखंड खाल्लं. आशालताबाईंनीच वाढलं. पोरगा गोड होता, त्यात वादच नाही.

नोव्हेंबरात त्याने माणूस पाठवला. त्या माणसाने खिडकीच्या कडेला पांढरं सील भरलं, फोड खरवडले, वरून रंग मारला. उन्हाळाभर भिंत एखाद्या शहाण्या मुलासारखी कोरडी राहिली. मे महिन्यात, म्हणजे इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, डाग परत आला, आणि आला तो दुप्पट होऊन.

एका रविवारी सगळे अवोन्डेलच्या बाजारात गेले होते. टाकानिनीहून अवोन्डेल म्हणजे शहराचं दुसरं टोक, पण मेथीच्या ताज्या जुड्यांसाठी आपली माणसं समुद्रही ओलांडतील, हे तर नुसतं शहर होतं. तिथे वरुण भेटला. त्याच्याही पिशवीतून मेथी डोकावत होती.

"वरुण, अरे ते परत आलंय," स्नेहल म्हणाली.

"ताई, हो, लक्षात आहे माझ्या. पण आता विंटरमध्ये भिंत कोण उघडणार? हीप्स ऑफ रेन आहे. समर आला की पूर्ण चेक करून घेऊ. मी आहे ना!"

आशालताबाईंच्या हातातली जुडी तिथेच थांबली. पावसाळा संपल्याखेरीज काम हाती घेता येत नाही. शब्द इंग्रजीत आले होते इतकंच, नाहीतर वाक्य त्यांच्या घरचंच होतं.

"वरुण," त्यांनी विचारलं, "या तक्रारीचा आवक क्रमांक काय रे?"

"म्हणजे, काकू?"

"म्हणजे तुमच्या ऑफिसात ही नोंदवली आहे ना कुठे?"

"काकू, आपल्यात कसली नोंद? लेखी केलं की ते सिस्टिममध्ये जातं, मग मॅनेजर, मग प्रोसेस... उगाच ताणतं. मी तोंडी करून देतो ना पटकन."

तो मनापासून बोलत होता. ते आशालताबाईंना दिसलं, आणि तेच त्यांना जास्त धोक्याचं वाटलं.

घरी येऊन त्यांनी लेखी तक्रारीचा विषय काढला. स्नेहल म्हणाली, "आई, तो आपला माणूस आहे. लेखी कम्प्लेंट टाकली तर त्याच्याच नावावर येणार. मंडळात काय म्हणतील? जेवायला येतो आपल्याकडे."

"आणि तो करतोय की," मकरंद म्हणाला. "घराला वर्ष व्हायला सप्टेंबर उजाडेल. तोपर्यंत झालं नाही तर बघू."

परक्याचं घर असतं तर या दोघांनी पहिल्याच दिवशी मेल टाकला असता. इंटरनेट दोन तास बंद पडलं तर मकरंद मुद्देसूद दीड पान लिहितो. पण आपल्या माणसाला लिहायचं म्हणजे जणू त्याच्या ताटाखालचा पाट काढायचा. आशालताबाईंनी इराची एक कोरी वही मागून घेतली आणि रेघा आखल्या. दिनांक, पाऊस, वारा, ओलीची लांबी. भिंतीवर डागाच्या कडेने पेन्सिलीची बारीक रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची. वाऱ्याची दिशा इरा आईच्या फोनवर बघून सांगायची. तिला हा खेळच झाला होता.

"नॉर्थ-ईस्ट, आजी. हेवी रेन."

"म्हणजे ईशान्य. लिही."

"यू राइट. युअर हॅन्डरायटिंग इज नायसर."

कौतुक कुणाला आवडत नाही? बाई लिहीत गेल्या. जून गेला, जुलै गेला. नोंदी करता करता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पश्चिमेचा पाऊस दिवसभर कोसळला तरी डाग जागचा हलत नसे. ईशान्येचा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी रेघ ओलांडून पुढे जाई. जुलैअखेर डाग अडीच फुटांवर गेला आणि कार्पेटखालून कुबट वास यायला लागला. इराची गादी खालच्या लाउंजमध्ये आणावी लागली. बाई वरच राहिल्या, वहीपाशी कुणीतरी हवं म्हणून.

त्या वासाने त्यांना दमयंतीबाई आठवल्या.

दमयंतीबाई म्हणजे ओलीच्या फाईलमधल्या सगळ्यात चिवट तक्रारदार. शाळेत भूगोल शिकवायच्या. सहकारनगरला रमणशेठच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. बाकीच्यांच्या पत्रांत संताप असायचा, शिव्या असायच्या, वकिलाची धमकी असायची. रमणशेठ अशा पत्रांना भीत नसत. संतापलेला माणूस दमतो, म्हणायचे. पण दमयंतीबाईंच्या पत्रात एकही विशेषण नसायचं. नुसत्या तारखा. अमुक तारखेला पाऊस एवढा, ओल खिडकीपासून एवढ्या बोटांवर. अमुक तारखेला एवढ्या. निळ्या शाईतलं अक्षर इतकं सुंदर की आशाताई ते पत्र उगाच दोनदा वाचायच्या. रमणशेठ त्या एकाच बाईला घाबरायचे. "आशाताई, हिला जरा जपून उत्तर द्या," म्हणायचे. आशाताईंनी जपून दिलं. एकदा नाही, सात वेळा. पाहणी करू, वाळल्यावर करू, सध्या कोरडी आहे, आणि मग, वर्ष लोटलं आहे, दिलगीर आहोत. आठवं पत्र आलं नाही. आशाताईंनी फाईल नाडी बांधून कपाटात ठेवली. त्या दिवशी रमणशेठनी ऑफिसात सगळ्यांना बाकरवडी मागवली होती. आशाताईंनी दोन खाल्ल्या.

तीस वर्षांनी त्या बाकरवडीची आठवण होऊन आशालताबाईंना लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग त्या ऑफिसची, त्या अक्षराची, त्या वेळच्या आपल्या चपळ बोटांची अशी काही ओढ वाटली की त्या उठून खिडकीशी जाऊन उभ्याच राहिल्या. बाहेर बेचाळीस सारखी छपरं भिजत होती.

ऑगस्टचा पहिला रविवार. चहा होताच त्यांनी मकरंदला घराची कागदपत्रं मागितली. त्याने फोल्डर आणून दिलं. चष्मा लावून त्यांनी तास-दीड तास ते वाचलं. कलमं वाचण्याचा त्यांना सराव होता. कलम कुठून सुरू होतं त्यापेक्षा मुदत कुठून सुरू होते हे बघायचं, ही रमणशेठच्या ऑफिसची शिकवण.

"मकरंद, किल्ली मिळाली सहा सप्टेंबरला. बरोबर?"

"हो आई. म्हणजे अजून महिना आहे."

"नाही. वर्ष मोजायचं ते बांधकाम पुरं झाल्या दिवसापासून. आणि ती तारीख इथे आहे. चौदा ऑगस्ट. आपल्याकडे अकरा दिवस आहेत."

मकरंदने कागद ओढून घेतला. मग फोनवर सरकारी वेबसाइट उघडली आणि उभ्या उभ्या वाचली. या देशाचा कायदा तसा सरळ आहे. काम पुरं झाल्यापासून वर्षाच्या आत दोष लेखी कळवला तर बिल्डरने तो वाजवी वेळात दुरुस्त करून द्यायचा, आणि दोष आपला नाही असं त्याचं म्हणणं असेल तर ते त्याने सिद्ध करायचं. वर्ष उलटलं म्हणून हक्क संपत नाही, दहा वर्षांपर्यंत दाद मागता येते. पण मग सिद्ध करण्याचं काम घरमालकाच्या गळ्यात पडतं. तज्ज्ञ आणा, भिंत फोडा, अहवाल करा, आणि मग भांडा.

"वरुणला हे माहीत असणार?" स्नेहलने हळूच विचारलं.

"माहीत असेलही. पण त्याला वाटतंय तो खरंच समरमध्ये करून देणार आहे. मलाही वाटायचं, रमणशेठ भिंत वाळल्यावर करून देणार आहेत. पहिली दोन वर्षं वाटायचं." बाईंनी फोल्डर मिटलं. "पोरी, माणूस आपला असला तरी मुदत आपली नसते. पत्र मी लिहिते."

आणि त्यांनी लिहिलं. दिवसभर खोलीचं दार लावून. आधी मराठीत, मग इंग्रजीत. इंग्रजी त्यांचं ऑफिसातलं, कडक इस्त्रीचं. "आय बेग टू स्टेट" वाचून स्नेहल हसली. "आई, बेग नको ग. आपण भीक नाही मागत." तेवढं बाईंनी खोडलं. बाकी पत्राला त्यांनी हात लावू दिला नाही. घराचा क्रमांक. खोली कुठली, भिंत कुठली, खिडकीचा कोपरा कुठला. पहिल्यांदा कधी दिसलं, नोव्हेंबरात काय केलं, त्यानंतर कधी परत आलं. वर्षाच्या आतली ही लेखी सूचना आहे. मागणी एकच: भिंत आतून उघडून पाणी कुठून येतं ते शोधा आणि ते कारण दुरुस्त करा, नुसता रंग नको. लेखी उत्तर अमुक तारखेपर्यंत. एका पत्रात एकच तक्रार, आणि विशेषण एकही नाही.

लिहिताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हे पत्र बनवत नाही आहोत, आपण ते आठवतो आहोत.

स्नेहलने सही केली, मेल गेला. पण मेल म्हणजे हवेत सोडलेला कागद, असं बाईंचं ठाम मत. मंगळवारी त्यांनी मकरंदला माउंट वेलिंग्टनला बिल्डरच्या ऑफिसात न्यायला लावलं. काचेची इमारत, मऊ सोफे, टेबलामागे एक हसरी मुलगी. "किआ ओरा!" तिने इथल्या रीतीने नमस्कार केला.

"किआ ओरा," बाई म्हणाल्या आणि पत्राच्या दोन प्रती तिच्यापुढे ठेवल्या. एक तुमची, एक आमची. आमच्यावर पोच द्या.

त्या मुलीला पोच कशाशी खातात ते माहीत नव्हतं. शिक्का तर ऑफिसात कुणीच पाहिला नव्हता. मकरंदला कुठे तोंड लपवू असं झालं. बाई मात्र हलल्या नाहीत. शेवटी त्या मुलीने प्रतीवर "मिळालं" असं लिहून तारीख आणि सही केली, आणि शेजारी एक हसरा चेहरा काढला. बाईंनी तो कागद घडी न घालता छातीशी धरून गाडीपर्यंत नेला. ऑगस्टची पाच तारीख होती. नऊ दिवस राखून त्या जिंकल्या होत्या, आणि असं जिंकल्यासारखं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

वरुणचा त्या संध्याकाळी फोन आला. "ताई, सांगायचं तरी. माझ्या मॅनेजरने विचारलं, सिस्टिममध्ये आधी का नाही. काय सांगू मी?" स्नेहल त्यावर रडवेली झाली. त्या आठवड्यात मंडळाच्या मीटिंगला स्नेहल गेली नाही.

वीस तारखेला उत्तर आलं. सही वरुणची. स्नेहलने मोठ्याने वाचलं. पत्र मिळालं, नोंद घेतली. वर्णनावरून ही ओल बाहेरून येत नसून घरातल्या दमटपणाची दिसते. घरात रोज बराच वेळ स्वयंपाक, उकळणं, वाफ. हिवाळ्यात कपडे आत वाळत घालणं. खिडक्या पुरेशा न उघडणं. सोबत घर कोरडं कसं ठेवावं याची माहितीपत्रिका.

"आपल्याकडे तीन वाट्या श्रीखंड खाऊन हा आपल्याला स्वयंपाकावरून बोलतोय!" मकरंद भडकला. "मी आत्ता फोन लावतो."

"थांब." बाईंनी पत्र हातात घेतलं. त्यांना राग यायला हवा होता. पण आधी आलं ते हसू. कुंड्यांना जास्त पाणी घातल्याने, बाथरूमच्या अयोग्य वापराने, असली वाक्यं रमणशेठकडे त्यांनी स्वतः घडवली होती. जुना मित्र परदेशात अचानक भेटावा तशी ती भेटली. मग हसू गेलं. समोरच्या खुर्चीत बसून ती वाचताना कशी लागतात, हे त्यांना आज पहिल्यांदा कळत होतं.

त्यांनी त्याच दुपारी दुसरं पत्र लिहिलं. मोजक्याच ओळी. वाफेची ओल थंड कोपऱ्यांत, काचांवर, सगळ्या खोल्यांत दिसते. ही एकाच खिडकीच्या एकाच कोपऱ्याखाली आहे आणि स्वयंपाकघर त्या खोलीपासून सर्वांत लांब आहे. मे ते ऑगस्ट या काळात ईशान्येचा पाऊस अकरा वेळा झाला, अकराही वेळा ओल वाढली. पश्चिमेचा पाऊस चौदा वेळा झाला, एकदाही वाढली नाही. आमचा स्वयंपाक वाऱ्याची दिशा बघून होत नाही. सोबत वहीच्या पानांचे फोटो.

शेवटच्या वाक्याच्या आधी त्या जरा थांबल्या होत्या. पण ठेवलं ते वाक्य. एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर एवढी चैन चालते.

आठवड्याने माणसं आली. मॅनेजर म्हणजे एक उंच, पिकल्या केसांचा किवी, दारात बूट काढून मोज्यांवर आत आला. मागून सुतार, आणि शेवटी वरुण, मान खाली. मॅनेजरने वही मागितली आणि उभ्या उभ्या पानं चाळली. मग भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा बघितल्या. ओल मोजायच्या यंत्राच्या दोन सुया त्याने भिंतीत टोचल्या. यंत्र किंचाळलं. "ओपन इट अप," तो सुताराला म्हणाला.

सुताराने खिडकीखालचा आतला प्लास्टरबोर्ड चौकोनी कापला. बोर्ड पाठीमागून काळ्या बुरशीने भरला होता. घर उबदार राहावं म्हणून भिंतीत भरलेली लोकर भिजून गोळा होऊन बसली होती. ती बाहेर काढली तशी मागची गुलाबी लाकडं दिसली. इथे घरांचा सांगाडाच लाकडी, आणि ते कुजू नये म्हणून औषध लावून गुलाबी करतात. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यापासून थेट तळाच्या आडव्या लाकडापर्यंत पाण्याची काळी वाट उमटली होती. सुताराने बोटाने कोपरा दाखवला. खिडकी बसवायच्या आधी तिथे पाणी अडवणारी पट्टी चिकटवायची असते. उजव्या कोपऱ्यात ती होती. डाव्या कोपऱ्यात कुणी लावलीच नव्हती.

"लाकूड अजून टणक आहे," सुतार म्हणाला. "आणखी एक-दोन हिवाळे गेले असते तर सांगता आलं नसतं."

मॅनेजर फोनवर बोलत खाली गेला. सुतार अवजारं आणायला गेला. खोलीत बाई आणि वरुण दोघंच राहिले.

"काकू, ते स्वयंपाकाचं मी मनाने नाही लिहिलं," वरुण म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "आमच्याकडे फॉरमॅट आहे. नाव-पत्ता घालायचा आणि पाठवायचं. मी भिंत बघितलीच नव्हती परत."

"माहीत आहे."

"सॉरी, काकू."

बाई गुडघ्यावर हात देत हळूच खाली बसल्या आणि त्यांनी त्या चौकोनातून हात आत घातला. लाकूड गार होतं. बोटं ओली झाली. सात पत्रांना त्यांनी उत्तरं दिली होती, आणि टिळक रोडहून सहकारनगर म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. एकदा जिना चढून त्या दमयंतीबाईंच्या भिंतीला हात लावायला गेल्या नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना.

"काकू? काय झालं? वास लागला का? खाली चला ना."

"एक बाई होत्या रे पुण्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना मी लिहिलं होतं की तुमची भिंत कोरडी आहे."

वरुण त्यांच्या शेजारी कार्पेटवर बसला. त्याच्या मांडीवर टॅब्लेट होता, त्यावर आजच्या पाहणीचा फॉर्म. तो भरून घरमालकाची सही घेतल्याशिवाय त्याला निघता येत नव्हतं. कारण, असं लिहिलेल्या चौकोनाशी त्याचं बोट अडलं होतं. तिथे आधीच छापलेले पर्याय होते: घरातला दमटपणा, वापर, देखभाल, अन्य.

"काकू, काय लिहू?"

आयुष्यभर त्यांना हे कुणी ना कुणी विचारत आलं होतं, आणि त्या सांगत आल्या होत्या. काहीतरी छान.

"मला नको विचारूस," त्या म्हणाल्या. "आधी हात घाल आत."

वरुणने बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात भिंतीत घातला. बराच वेळ ठेवला. मग ओला हात पँटला पुसून त्याने "अन्य" निवडलं आणि खाली टाइप केलं, कोपऱ्यातली पट्टी लावलेली नाही, चूक आमची. बाईंनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं आणि स्नेहलला सहीसाठी वर हाक मारली.